६४ फ्लॅटसाठी एकच नोटीस लिहायची आहे, वाचणारे आठ वर्षांपासून ऐंशीपर्यंतचे. वाक्यं किती लहान करू?

मानेवाडा_मी
नमस्कार मंडळी, आमच्या अपार्टमेंटच्या कमिटीत मी यंदा पहिल्यांदाच आहे आणि नोटिसा लिहायचं काम माझ्याकडे आलंय. आता पाऊस सुरू झालाय म्हणून कूलरच्या टाक्या साफ करायची नोटीस लावायची होती, डेंग्यूमुळे. मागच्या वर्षीचीच उचलून लावली, ती अशी होती:

«सर्व रहिवाशांना सूचित करण्यात येते की, पावसाळ्याच्या पार्श्वभूमीवर डासोत्पत्ती स्थानांचे निर्मूलन करण्याच्या दृष्टीने आपापल्या सदनिकांमधील वापरात नसलेल्या कूलरमधील साचलेल्या पाण्याचा साप्ताहिक तत्त्वावर निचरा करून टाकीची अंतर्गत स्वच्छता करण्याची दक्षता घेण्यात यावी, जेणेकरून डेंग्यूसदृश आजारांचा प्रादुर्भाव टाळणे शक्य होईल.»

आठ दिवसांनी बघितलं तर कोणीच काही केलेलं नव्हतं. आमच्याकडे वॉचमनदादा बालाघाटकडचे आहेत, हिंदी वाचतात, मराठी अडखळत. धुणीभांडी करणाऱ्या ताई चौथी शिकलेल्या, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच घरी कूलर त्याच साफ करतात. निवृत्त मंडळी खूप, दोन-तीन घरं तेलुगू, आणि बोर्डासमोर सगळ्यात जास्त वेळ थांबून वाचतात ती तर पोरंच. मग मी दुसरी लिहिली:

«कूलर साफ करा. पाणी काढा. डास होतात. डेंग्यू होतो. आठवड्यातून एकदा. सहकार्य करा.»

हिच्यावर दोन काकांनी नाराजी सांगितली की हुकूम सोडल्यासारखं वाटतं, आणि ताईंनी विचारलं की आठवड्यातून एकदा काय, डास होतात का? पहिलीत ३८ शब्दांचं एकच वाक्य होतं, दुसरीत सगळे मिळून १३ शब्द आहेत, तरी दोन्ही फसल्या. मग वाक्य नेमकं किती मोठं ठेवायचं आणि शब्द कोणते घ्यायचे, हे कोणी नीट सांगेल का?

आयटी_बेसा
सोपं आहे, वाक्य २० शब्दांच्या आत ठेवा. इंग्रजीत यासाठी फॉर्म्युलाच आहे, रुडॉल्फ फ्लेश नावाच्या माणसाने १९४८ मध्ये काढलेला. एका वाक्यात किती शब्द आणि एका शब्दात किती अक्षरं एवढं मोजलं की मजकूर किती सोपा ते आकड्यात येतं. आमच्या ऑफिसात सगळी डॉक्युमेंट्स तशीच तपासतात. तुमची पहिली नोटीस ३८ ची होती म्हणून फेल गेली.

बर्डीकर
कूलरमधल्या अळ्यांसाठी गप्पी मासे टाका ना, आमच्याकडे गच्चीवरच्या टाक्यात टाकले होते, फरक पडला. नाहीतर थोडं तेल टाकायचं पाण्यावर. नोटिसा कोण वाचते बाप्पा.

मानेवाडा_मी
@बर्डीकर दादा, कूलरमध्ये मासे कसे राहतील, पंप आहे, आणि तेल पॅडवर जाईल ना. पण माझा प्रश्न मच्छर मारण्याचा नाहीच आहे, लिहिण्याचा आहे.

वाचनपत्रक
मी साक्षरता अभियानात बरीच वर्षं नुकतंच वाचायला शिकलेल्या मोठ्या माणसांसाठी वाचनपत्रकं लिहिली, भंडारा-गोंदियाकडच्या गावांत. त्यामुळे हा प्रश्न माझ्या फार जवळचा आहे, जरा लांब लिहिते.

आयटी_बेसा, तुम्ही म्हणता ते अर्धं बरोबर आहे. लांब वाक्य बहुतेक वेळा जड जातं हे खरं. पण तो २० चा आकडा इंग्रजीचा आहे, मराठीत तसाच आणता येत नाही. इंग्रजीत 'इन द टँक ऑफ द कूलर' हे सहा शब्द झाले, आपण 'कूलरच्या टाकीत' म्हणतो, दोनच. आपले प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे आपला एकेक शब्द जास्त ओझं वाहतो. आणि शब्द लांब म्हणून अवघड असंही आपल्याकडे नसतं. 'आठवड्याभरापासून' केवढा लांब आहे, पण कोणाला अडत नाही. 'निर्मूलन' त्याच्यापेक्षा छोटा आहे आणि तिथे निम्मे लोक थांबतात.

आता तुमची पहिली नोटीस बघा. माझ्या मते तिची अडचण ३८ शब्द ही नाही, करायचं काय ते कळायला किती थांबावं लागतं ही आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं. वाचणारा 'आपापल्या सदनिकांमधील वापरात नसलेल्या कूलरमधील साचलेल्या पाण्याचा' इथपर्यंत येतो, एवढं सगळं डोक्यात धरून ठेवतो आणि अजून त्याला माहीत नाही की त्या पाण्याचं करायचं काय. 'निचरा करून' येतं तो तेविसावा शब्द आहे. ज्याला वाचायची सवय आहे तो धरून ठेवतो. ज्याला सवय नाही त्याचं बोट मागे जातं. गावात मी हेच बघायची, वाचताना बोट मागे गेलं की मी कागदावर तिथे खूण करायची. तुमच्या ताई मोठ्याने वाचत असतील तर आवाज मध्येच खाली जाईल किंवा त्या आधीचा शब्द परत म्हणतील, ती जागा पकडा.

आणि दुसऱ्या नोटिशीत तुम्ही वाक्यं लहान केली पण त्यांना जोडणारे शब्दच काढून टाकले. 'म्हणून' नाही, 'कारण' नाही, 'मग' नाही. डास होतात ते पाणी काढल्यामुळे की न काढल्यामुळे, हे वाचणाऱ्यानेच लावायचं. ज्याला विषय आधीच माहीत आहे त्याला ते लागतं, पण नोटीस तर ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी आहे ना. 'आठवड्यातून एकदा' हे तर एकटंच लोंबकळतंय, ताईंचा प्रश्न एकदम बरोबर होता.

निवृत्त_कारकून_महाल
मी ३१ वर्षं सरकारी नोकरीत टिपण्या लिहिल्या. 'करण्यात यावी' लिहिण्यामागे कारण असतं, कोणा एकाला हुकूम दिल्यासारखं होत नाही, आदर राहतो. १९६४ चा राजभाषा अधिनियम झाला, नंतर कारभार मराठीत आणायचा तर शब्द घडवावे लागले, माणसांनी मेहनतीने घडवले. आता सगळं 'साफ करा, काढा' करून टाकलं तर ती मेहनत वाया जाईल. आणि 'मच्छर' लिहू नका, 'डास' हा आपला शब्द आहे. नोटिशीतही मराठी दिसली नाही तर पोरं शिकणार कुठून?

सावजी_रस्सा
काका, तुमचा मान ठेवून सांगतो, नागपुरात घरात कोण डास म्हणते? मच्छरच म्हणून राहिले सगळे. मच्छरदाणी म्हणतो ना आपण, डासदाणी म्हणतो का? आमच्या आईला डास म्हटलं की कळते, पण ते टीव्हीवरचं वाटते, आपल्या घरातलं नाही वाटत.

वाचनपत्रक
काका, आदराचा मुद्दा महत्त्वाचाच आहे, पण आदर 'करण्यात यावी' मध्येच असतो असं नाही, 'करा' हे आदरार्थीच आहे. दुसऱ्या नोटिशीत हुकूम वाटला कारण तुटक वाक्यं एकामागे एक आली आणि कारण कुठेच दिलं नाही. 'करण्यात यावी' ची माझी अडचण वेगळीच आहे. त्यात करणारा दिसत नाही. कोणी करण्यात यावी? कमिटीने? वॉचमनने? मी पैजेवर सांगते, त्या ६४ घरांतल्या काहींना वाटलं असेल की सोसायटीच माणूस पाठवणार आहे.

मानेवाडा_मी
अगदी बरोबर!! दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मला विचारलं होतं, माणूस कधी येणार म्हणून. मला तेव्हा कळलंच नाही त्यांना असं का वाटलं.

मेडिकल_सिस्टर
मी नर्स आहे, शब्दांबद्दल नंतर बोला, आधी मजकूर बघा. तुमच्या दोन्ही नोटिशींत मुख्य गोष्टच नाहीये. डेंग्यूचा मच्छर अंडी पाण्याच्या थोडं वर, टाकीला आतल्या बाजूने चिकटवतो. पाणी ओतून दिलं तरी अंडी तिथेच राहतात, वाळली तरी काही महिने टिकतात, परत पाणी भरलं की अळ्या बाहेर. म्हणून घासणं पाहिजे. 'पाणी काढा' एवढंच लिहिलं तर लोक बूच उघडून पाणी सोडतील आणि काम झालं म्हणतील. पहिल्या नोटिशीत 'अंतर्गत स्वच्छता' होतं, निदान तेवढं तरी होतं, सोपी करताना तुम्ही तेच उडवलं.

अजून एक. अंड्यापासून उडणारा मच्छर व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, उकाडा असला की त्याहून लवकर. 'आठवड्यातून एकदा' म्हटलं की माणूस या आठवड्यात सोमवारी करतो, पुढच्या आठवड्यात शनिवारी. झालं ना आठवड्यातून एकदा? पण मधे १२ दिवस गेले. तेवढ्यात मच्छर उडून गेला.

वाचनपत्रक
सिस्टर, किती मोलाचं सांगितलंत. म्हणजे 'साप्ताहिक तत्त्वावर' पण चुकीचं आणि 'आठवड्यातून एकदा' पण अपुरं. 'दर रविवारी' लिहिलं की शब्द सोपा झाला आणि मधलं अंतरही आपोआप सात दिवसांचं झालं. मला नेहमी असंच दिसलंय, सोपा शब्द शोधायला बसलो की आधी आपल्यालाच नक्की काय म्हणायचंय ते ठरवावं लागतं.

आणि 'वापरात नसलेल्या कूलर' हेही तपासा. जुलैत आपल्याकडे किती जण पाणी बंद करून नुसता पंखा चालवतात! त्यांचा कूलर वापरात आहे, म्हणजे नोटीस त्यांच्यासाठी नाही असाच अर्थ निघतो, आणि खाली टाकीत महिन्याभराचं पाणी तसंच.

मानेवाडा_मी
आमच्याच घरी तसंच आहे, आत्ता जाऊन बघून आले. तळाशी दोन बोटं पाणी आहे आणि बूच उघडलं तरी ते निघत नाही, कारण बूचच थोडं वर आहे. म्हणजे पुसावं लागणार. तुमचं सगळं वाचून तिसरी लिहिली, बघा:

«दर रविवारी सकाळी कूलरची टाकी रिकामी करा. तळाशी पाणी उरतं, ते कपड्याने टिपून घ्या. मग आतल्या भिंती ब्रशने घासा, कारण डेंग्यूच्या मच्छराची अंडी भिंतीला चिकटलेली असतात आणि पाणी काढलं तरी निघत नाहीत. कूलरमध्ये पाणी न टाकता नुसता पंखा चालवत असाल, तरी हे करायचं आहे.»

आयटी_बेसा
तिसरं वाक्य लांब झालं की. 'घासा' च्या पुढे पूर्णविराम द्या आणि 'कारण' काढून टाका, दोन वाक्यं होतील.

वाचनपत्रक
मी नाही तोडणार. यात करायचं काम पाचव्या शब्दाला संपतं, 'घासा'. पुढे जे येतं ते डोक्यात धरून ठेवायचं नाही, नुसतं ऐकत जायचं आहे. 'आतल्या भिंती ब्रशने घासा, कारण...' असं आपण तोंडाने बोलतोच. तुम्ही म्हणता तसं तोडलं तर 'डेंग्यूच्या मच्छराची अंडी भिंतीला चिकटलेली असतात' हे वेगळीच माहिती दिल्यासारखं होईल आणि घासण्याशी त्याचा संबंध सुटेल. काम पुढे आणि कारण मागे असलं की लांब वाक्य चालतं. हेच उलटं केलं, 'भिंतीला चिकटलेली व पाणी काढूनही न निघणारी अंडी काढण्यासाठी आतल्या भिंती घासा', तर शब्द कमी होतात पण वाचायला जड जातं. आकडा बघून ठरवलं असतं तर हेच निवडलं असतं ना.

आता लावायच्या आधी चार जणांना वाचायला द्या. फक्त 'समजलं का' विचारू नका, सगळे हो म्हणतात, आपल्याला समजलं नाही हे कोण सांगणार? विचारा की आता रविवारी तुम्ही काय काय कराल, आणि मधे काही न बोलता ऐका.

लग्नघर_त्रिमूर्तीनगर
मधेच विचारते, माफ करा. मुलीच्या लग्नाची पत्रिका लिहायची आहे, त्यातही असंच करायचं का? 'आप्तेष्ट', 'शुभाशीर्वाद' काढून टाकू का? मुलाकडचे छिंदवाड्याचे आहेत, मराठी कमी येते.

वाचनपत्रक
ताई, नका काढू. 'आप्तेष्ट' न कळल्यामुळे कोणाचं काही चुकणार नाही, आणि पत्रिकेत ते शब्द असले की बरं वाटतं. फक्त तारीख, वेळ, हॉल कुठे आणि जेवण किती वाजता एवढं बोलल्यासारखं लिहा आणि वेगळ्या ओळींत टाका. 'गोरज मुहूर्त' लिहिलात तर शेजारी वाजले किती ते लिहाच, पाहुणे लांबून येणार आहेत.

मानेवाडा_मी
काल चौघांना दाखवली. काय काय झालं ते सगळं सांगते, मला खूप शिकायला मिळालं.

पाचव्या मजल्यावरच्या ७८ वर्षांच्या आजींनी वाचून सगळं बरोबर सांगितलं, फक्त 'टिपून घ्या' वर म्हणाल्या छान शब्द आहे. तिसरीतल्या मुलाने पण सांगितलं, उलट त्याने विचारलं की अंडी दिसतात का. वॉचमनदादांना मच्छर, टाकी, रविवार, पंखा सगळं कळलं, पण 'टिपून' वर अडले, त्यांना वाटलं टिपून म्हणजे लिहून घ्या. आणि ताईंनी तर मला चकितच केलं. त्या म्हणाल्या, पाणी काढीन, कपड्याने घेईन आणि मग कूलरच्या मागची भिंत घासीन. मी म्हटलं मागची भिंत काहून? तर म्हणे, भिंती घासा लिहिलं ना तुम्ही, कूलर भिंतीलाच तर लागून असते.

भिंत इतका सोपा शब्द! मला स्वप्नातही वाटलं नव्हतं की तो अडेल.

वाचनपत्रक
तुम्ही विचारलंत म्हणून सापडलं, किती छान काम केलंत. सोपा शब्दसुद्धा दोन अर्थांचा असला की फसवतो, आणि हे फसणं कळत नाही, कारण वाचणारा अडखळतच नाही. अवघड शब्दावर माणूस निदान थांबतो, कोणाला तरी विचारतो. 'भिंत' वर ताई अजिबात थांबल्या नसतील, बरोबर? सरळ वाचलं असेल.

मानेवाडा_मी
हो, एकदम सरळ वाचलं! बरं, आता ही चौथी:

«दर रविवारी सकाळी कूलरची टाकी रिकामी करा. तळाशी पाणी उरतं, ते कपड्याने पुसून घ्या. मग टाकी आतून चारही बाजूंनी ब्रशने घासा, कारण डेंग्यूच्या मच्छराची अंडी टाकीला आतून चिकटलेली असतात आणि पाणी काढलं तरी निघत नाहीत. कूलरमध्ये पाणी न टाकता नुसता पंखा चालवत असाल, तरी हे करायचं आहे. रविवारी जमत नसेल तर दुसरा वार ठरवा, पण दर आठवड्याला तोच वार ठेवा.»

आजींचा 'टिपून' गेला याचं वाईट वाटलं, पण 'पुसून' चौघांनाही कळला. शेवटचं वाक्य सिस्टरांसारख्या शिफ्टवाल्यांसाठी टाकलं.

मेडिकल_सिस्टर
चांगली झाली. माझी एक विनंती आहे, खाली तापाचं पण टाका. ताप आला की लोक अंगदुखीची कोणतीही गोळी घेतात, आणि डेंग्यू असला तर अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. डॉक्टरांनी बघेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल, तेही प्रमाणात. आणि इथे मराठी शब्द बनवू नका, 'वेदनाशामक' लिहू नका, गोळीच्या पाकिटावर जे नाव असतं तेच देवनागरीत लिहा. माणूस पाकीट हातात घेऊन नोटिशीशी जुळवून बघतो.

वाचनपत्रक
नावाबद्दल तुमचं एकदम पटलं. पण मी ते याच कागदावर नाही टाकणार. हा कागद कूलरपाशी उभं राहून करायच्या कामाचा आहे, त्यात औषध घातलं की दोन्ही अर्धवट वाचले जातात. वेगळी नोटीस करा.

मेडिकल_सिस्टर
वेगळी लावली तर ती कोणी वाचेलच असं नाही. ही वाचतायत तोवर इथेच सांगून टाकावं असं मला अजूनही वाटतं. आम्ही वॉर्डात बघतो ना काय होतं ते.

निवृत्त_कारकून_महाल
चौथी नोटीस मी घरी मोठ्याने वाचली. एका दमात कुठे अडकलो नाही हे कबूल करतो, आणि 'करा' मध्ये उद्धटपणाही वाटला नाही. पण 'मच्छर' चं मला पटलेलं नाही. एकदा तरी 'डास' येऊ द्या. 'डेंग्यूच्या मच्छराची' ऐवजी 'डेंग्यूच्या डासाची' केलं तर काय बिघडतं?

सावजी_रस्सा
वॉचमन भाऊ हिंदी वाचते ना काका, त्याला डास कसं कळेल? मुंबई-पुण्याची नोटीस असती तर गोष्ट वेगळी.

मानेवाडा_मी
मी असं केलंय काका, नोटिशीच्या वर मोठ्या अक्षरांत 'डास वाढू देऊ नका' आणि खाली मजकुरात मच्छर. पोरांना दोन्ही शब्द एकाच कागदावर दिसतील. तुम्हाला चालेल का ते सांगा.

निवृत्त_कारकून_महाल
दोन शब्द असले की एखाद्याला दोन वेगवेगळे किडे वाटतील, तुमच्या भिंतीसारखं. ताईंना विचारून बघा आणि कळवा.

मानेवाडा_मी
हे माझ्या लक्षात नव्हतं आलं. उद्या सकाळी त्या आल्या की वाचायला देते आणि इथे लिहिते. तापाच्या नोटिशीचा कच्चा मसुदा पण टाकते, सिस्टर, तुम्ही गोळ्यांची नावं तेवढी तपासून द्या.